टिपेतले देणे

२४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार कंपन्या आणि केंद्र सरकार यांच्यातल्या एका जुन्या वादाचा निकाल सरकारच्या बाजूने दिला. परवाना शुल्क कोणत्या उत्पन्नावर मोजायचे, हा तो वाद. भाडे, व्याज, लाभांश अशी दूरसंचार सेवेबाहेरची कमाईही त्यात धरली पाहिजे, असे सरकारचे म्हणणे होते आणि कंपन्यांना ते मान्य नव्हते. निकालानंतरच्या पहिल्याच तिमाही हिशेबात व्होडाफोन आयडियाने सुमारे ५०,९२२ कोटी रुपयांचा तोटा जाहीर केला, तर भारती एअरटेलने सुमारे २३,०४५ कोटींचा.

हा वाद कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. तो वर्षानुवर्षे न्यायाधिकरणात आणि न्यायालयात चालू होता आणि कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत, हिशेबांवरील टिपांमध्ये, त्याची नोंद होत होती. खरा धक्का होता तो रकमेच्या आकाराचा. सरकारने मागितलेली परवाना शुल्काची थकबाकी सर्व कंपन्यांची मिळून सुमारे ९२,६४० कोटी रुपये होती. त्यात मूळ वादाची रक्कम २३,१८९ कोटी. उरलेल्यापैकी ४१,६५० कोटी व्याजाचे, १०,९२३ कोटी दंडाचे आणि १६,८७८ कोटी त्या दंडावर चढलेल्या व्याजाचे. म्हणजे मूळ रकमेच्या जवळजवळ चौपट मागणी उभी राहिली होती. एखाद्या टिपेत वादग्रस्त मागणीचा आकडा देऊन पुढे ‘व्याज व दंड वगळून’ असे लिहिलेले असेल, तर ते तीन-चार शब्द त्या आकड्याइतकेच महत्त्वाचे असतात, हे या प्रकरणावरून कळावे.

एवढ्या मोठ्या कंपन्यांचे वर्तमानपत्रांत छापून येते. हीच गोष्ट लहान आकारात महाराष्ट्रातल्या नागरी सहकारी बँकांच्या कर्ज विभागात सतत येत असते, आणि तिथे ती छापून येत नाही. कर्ज मागणारी कंपनी ताळेबंद इंग्रजीत देते, कारण सनदी लेखापालाने तो इंग्रजीतच तयार केलेला असतो. कर्ज विभागातला विश्लेषक त्यावरून मराठीत टिपणी तयार करतो किंवा कोणाकडून तरी भाषांतर करून घेतो, आणि ते कागद कर्ज समितीपुढे जातात. समितीवरची मंडळी व्यापार-उद्योगातली असतात, पैशाची त्यांची जाण पक्की असते. पण साठ पानी इंग्रजी अहवाल वाचायला त्यांना सवड नसते. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक मराठीत आणणे तसे सोपे, कारण आकडे आकडेच राहतात. धोका टिपांच्या वाक्यांत असतो. तिथे वाक्य चुकले, तर आकडा बरोबर असूनही अर्थ उलटा होऊ शकतो.

तो कसा उलटा होतो हे समजण्यासाठी आधी नियम पाहू. एखादे देणे पुढच्या घटनेवर अवलंबून असते: खटला हरलो तर, दुसऱ्याने कर्ज फेडले नाही तर, निर्यात पुरी झाली नाही तर. हिशेबाचे नियम अशा देण्यांच्या तीन पायऱ्या करतात. पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा अधिक असेल आणि रकमेचा भरवशाचा अंदाज करता येत असेल, तर तरतूद करावी लागते. ती नफ्यातून वजा होते आणि ताळेबंदात दिसते. पैसे जाऊ शकतात, पण तेवढी शक्यता नाही, असे असेल तर तरतूद होत नाही, फक्त टीप येते. शक्यता अगदी नगण्य असेल तर टीपही लागत नाही. जे देणे टिपेत आले आहे, ते कंपनीने स्वतःच ‘नगण्य नाही’ असे ठरवलेले असते. वाचणाऱ्याने टिपेकडे याच नजरेने पाहायला हवे.

आता भाषेचा प्रश्न. या देण्यांना मराठी अहवालांत ‘संभाव्य देणी’ म्हणतात. शब्द रुळलेला आहे आणि तो बदलायचे कारण नाही. मात्र इंग्रजी टिपेतल्या ‘प्रॉबेबल’ या शब्दालाही भाषांतरकाराच्या हाताशी ‘संभाव्य’ किंवा ‘संभवनीय’ हेच असते, आणि तिथे घोळ होतो. मूळ टिपेत लिहिलेले असते की व्यवस्थापनाच्या मते पैसे जाणे ‘प्रॉबेबल’ नाही. मराठीत त्याचे होते, ‘पैसे जाण्याचा संभव नाही.’ मराठी वाचकाला यातून एकच गोष्ट कळते: हे होणार नाही. मूळ वाक्याने तसे म्हटलेलेच नाही. शंभरातून चाळीस वेळा पैसे जातील असे कंपनीला वाटत असले, तरी ते मूळ वाक्य नियमाप्रमाणे अगदी खरे ठरते. कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने शंभरात चाळीस आणि शून्य यांत फरक किती, हे सांगायला नको.

माझ्या मते अशा ठिकाणी वाक्य लांबले तरी चालेल, पण पायरी हलता कामा नये. ‘व्यवस्थापनाच्या मते पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा अधिक नाही, म्हणून तरतूद केलेली नाही,’ असे लिहावे. ‘संभाव्य’ हा शब्द फक्त शीर्षकापुरता ठेवावा, वाक्यात वापरू नये. त्यातले ‘व्यवस्थापनाच्या मते’ हे दोन शब्दही गाळू नयेत. भाषांतर आटोपशीर करण्याच्या नादात तेच आधी जातात, आणि मग कर्जदाराचे स्वतःविषयीचे मत कर्ज समितीपुढे वस्तुस्थिती म्हणून उभे राहते.

एक उदाहरण सविस्तर पाहू. ते काल्पनिक आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा अशा ताळेबंदांत नेहमी भेटतो. समजा, इचलकरंजीची एक कापड विणणारी कंपनी आहे. ३१ मार्च २०२५ च्या ताळेबंदाप्रमाणे तिचे नेटवर्थ १८ कोटी, बँकांचे कर्ज २२ कोटी. तिला एका सहकारी बँकेकडून आणखी ६ कोटी हवे आहेत. नवे कर्ज धरून कर्जाचे नेटवर्थशी प्रमाण साधारण दीडपट होते. नफा बरा आहे, हप्ते वेळेवर आहेत. शेवटून तिसऱ्या पानावर संभाव्य देण्यांची टीप आहे आणि तिच्यात तीन ओळी आहेत.

पहिली ओळ जीएसटीची. २०२०-२१ सालच्या इनपुट टॅक्स क्रेडिटवरून विभागाने ८० लाखांची मागणी काढली आहे, कंपनी अपिलात गेली आहे. आकड्यापुढे ‘व्याज व दंड वगळून’ असे लिहिले आहे. विश्लेषकाच्या मराठी टिपणीत ही अट गळाली, तर समितीला ८० लाख दिसतील. ती ठेवली, तर पुढचा हिशेब करता येतो. चुकीचे क्रेडिट घेऊन वापरले असे ठरले, तर व्याज दरसाल १८ टक्के. चार वर्षांचे धरले तरी ते ५७ लाख ६० हजार होते. फसवणुकीचा आरोप नसलेल्या प्रकरणात दंड कराच्या १० टक्के, म्हणजे ८ लाख. एकूण १ कोटी ४६ लाखांच्या आसपास. फसवणुकीचा आरोप असेल तर दंड कराच्या बरोबरीचा होऊ शकतो. म्हणून मागणी कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे, हे टिपेत दिलेले असेल तर ते मराठीतही आलेच पाहिजे. तो तपशील किरकोळ नाही.

या ओळीचा पडताळा दोन ठिकाणी मिळतो. लेखापरीक्षकाच्या अहवालाला जोडलेल्या परिशिष्टात वादात अडकलेल्या सरकारी देण्यांचा तक्ता असतो. त्यात कायदा, रक्कम, कोणत्या सालची आणि कोणत्या अधिकाऱ्यापुढे प्रकरण आहे, हे लिहिलेले असते. दुसरे ठिकाण मालमत्तेच्या बाजूला आहे. अपील करताना वादातल्या कराच्या १० टक्के आगाऊ भराव्या लागतात, म्हणजे इथे ८ लाख. ते बहुधा ‘सरकारी खात्यांकडे जमा’ अशा नावाने येणे म्हणून दाखवलेले असतात. खटला हरला तर ही येण्याची रक्कमही नाहीशी होते. भाषांतर करताना टिपेचा क्रमांक, परिशिष्टाचे कलम आणि ही जमा यांचा एकमेकांकडे निर्देश केला, तर वाचणाऱ्याला तीन पानांवर विखुरलेली एकच गोष्ट एकत्र दिसते. परिशिष्टातली रक्कम भरलेले पैसे वजा करून दिलेली असते किंवा तशीच पूर्ण दिलेली असते. दोन आकडे जुळले नाहीत तर आधी हे पाहावे. संशय त्यानंतर घ्यावा.

दुसरी ओळ निर्यातीची आहे. कंपनीने २०२१ च्या मध्यावर ईपीसीजी परवान्याखाली परदेशी माग आणले. या योजनेत यंत्रांवरचे सीमाशुल्क माफ होते आणि त्याबदल्यात वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करायची असते, त्यातली निम्मी पहिल्या चार वर्षांत. इथे वाचलेले शुल्क ६० लाख, म्हणून निर्यातीचे बंधन ३ कोटी ६० लाखांचे. आजवर झालेली निर्यात १ कोटी २० लाख. टीप म्हणते, २ कोटी ४० लाखांचे निर्यात-दायित्व शिल्लक आहे आणि व्यवस्थापनाला ते पूर्ण होण्याची खात्री वाटते.

घाईत याचे भाषांतर ‘निर्यातीपोटी देणे २ कोटी ४० लाख’ असे होते. हे चूक आहे, आणि ही चूक कर्जदारावर अन्याय करणारी आहे. २ कोटी ४० लाखांचा माल विकायचा आहे, तेवढे पैसे भरायचे नाहीत. बंधन पाळले गेले नाही तर न झालेल्या निर्यातीच्या प्रमाणात माफ केलेले शुल्क आणि त्यावर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावे लागते. दोनतृतीयांश निर्यात बाकी आहे, म्हणजे शुल्क ४० लाख. सहा वर्षांचे व्याज ३६ लाख. एकूण ७६ लाख. तेव्हा मराठी टिपणीत आकडे दोन हवेत: किती निर्यात बाकी आहे आणि ती न झाल्यास किती पैसे जातील. मूळ टिपेत दुसरा आकडा बहुधा नसतो. भाषांतरकाराने तो स्वतः घालू नये, कारण त्याचे काम मूळ कागद सांगण्याचे आहे. विश्लेषकाने मात्र तो काढून, आपला हिशेब म्हणून, वेगळा लिहावा. आणखी एक गोष्ट इथे दिसते. चार वर्षे २०२५ च्या मध्यावर भरतात आणि तोवर निम्मी, म्हणजे १ कोटी ८० लाखांची निर्यात हवी होती. मुदतवाढ मिळाली नाही, तर या देण्याचा पहिला भाग सहा वर्षांची वाट न पाहता आताच दारात येतो.

तिसरी ओळ हमीची, आणि सगळ्यांत जड हीच. मराठीत आपण सहज ‘कंपनीची हमी’ म्हणतो. या दोन शब्दांतून हमी कंपनीने दिली की कंपनीसाठी कोणी दिली, हे कळत नाही. संचालकांनी कंपनीच्या कर्जासाठी वैयक्तिक हमी दिली असेल, तर बँकेच्या दृष्टीने तो आधार आहे. कंपनीने दुसऱ्याच्या कर्जाला हमी दिली असेल, तर तो बोजा आहे. दोन्हींची नोंद एकाच अहवालात, कधी लागोपाठच्या पानांवर असते. म्हणून हमीविषयीच्या प्रत्येक वाक्यात चार नावे स्पष्ट लिहावीत: हमी देणारा कोण, कर्ज कोणाचे, कोणत्या बँकेला दिली, आणि रक्कम मंजूर मर्यादेची आहे की आज बाकी असलेल्या कर्जाची.

आपल्या उदाहरणात विणणाऱ्या कंपनीने त्याच कुटुंबाच्या प्रोसेसिंग युनिटसाठी दुसऱ्या बँकेला हमी दिली आहे. मंजूर मर्यादा १२ कोटी, आज बाकी ९ कोटी. टिपेत आकडा ९ कोटींचा असला, तरी उद्या ते युनिट उरलेले ३ कोटी उचलू शकते आणि त्यासाठी या कंपनीची नव्याने सही लागत नाही. ताळेबंदात या हमीचा मागमूस नसतो. नव्या हिशेब-नियमांखाली येणाऱ्या मोठ्या कंपन्यांत असलाच तर तो हमीच्या वाजवी मूल्यापुरता, म्हणजे मूळ रकमेच्या मानाने अगदी लहान असतो. संबंधित पक्षांच्या व्यवहारांची टीप मात्र उघडावीच. तिथे कधी दिसते की त्या युनिटला उसनवार रक्कमही दिलेली आहे आणि वर्षभर ती परत आलेली नाही. हमी आणि अडकलेली उसनवार एकाच नावापुढे दिसली, की ते युनिट स्वतःच्या पायावर उभे नाही अशी शंका घ्यायला जागा असते.

आता समितीपुढचा हिशेब पुन्हा मांडू. जीएसटी आणि निर्यात या दोन ओळींतले मिळून २ कोटी २२ लाख नेटवर्थमधून वजा केले, तर १८ चे १५ कोटी ७८ लाख उरतात. कर्जात हमीचे ९ कोटी मिळवले तर जुने, नवे आणि हमीचे मिळून ३७ कोटी होतात. प्रमाण दीडपटीवरून सव्वादोनपटीच्या पुढे जाते. हे सगळे एकदम घडेलच असे नाही, आणि सर्व देणी शंभर टक्के धरून कर्ज नाकारणे हेही चांगले विश्लेषण नव्हे. जीएसटीचे अपील जिंकले जाऊ शकते. पण निर्यात आणि हमी या दोन ओळींकडे एकत्र पाहावे लागते. परदेशातली मागणी घटली तर या कंपनीची निर्यात अडेल, आणि तेच कापड रंगवणाऱ्या त्या युनिटचे कामही त्याच महिन्यांत कमी होईल. टिपेत या ओळी वेगवेगळ्या आहेत, पण त्यांना पाडणारे कारण एकच असू शकते. दोन तुकड्यांचे भाषांतर दोन माणसांनी केले, किंवा टिपणीत त्यांना वेगवेगळ्या पानांवर टाकले, तर हे दिसत नाही.

टिपा वाचताना लेखापरीक्षकाचे मतही सोबत मराठीत यावे लागते, आणि तिथे दोन वाक्ये फार फसवतात. इंग्रजीत ज्या मताला ‘क्वालिफाइड’ म्हणतात, त्याचा शब्दकोशातला अर्थ घेऊन ‘पात्र मत’ लिहिले, तर ते प्रशस्तिपत्र वाटते. प्रत्यक्षात लेखापरीक्षक सांगतो आहे की अमुक बाब सोडून बाकीचे हिशेब बरोबर आहेत. ‘अमुक बाब वगळता’ हे मराठीत आले पाहिजे, आणि ती बाब कोणती ते त्याच वाक्यात आले पाहिजे. दुसरे वाक्य लेखापरीक्षक एखाद्या टिपेकडे लक्ष वेधतो त्याच्या शेवटी असते. त्याचे भाषांतर ‘आमचे मत बदललेले नाही’ असे झाले, तर आधी काही मत होते आणि ते कायम आहे असा भास होतो. म्हणायचे असते ते असे: या बाबीमुळे आम्ही आमच्या मतात कोणतीही अट घातलेली नाही. लक्ष वेधले म्हणजे लेखापरीक्षकाने हरकत घेतली असे नव्हे. पण ताळेबंद समजून घेण्यासाठी ही टीप वाचलीच पाहिजे इतकी ती महत्त्वाची आहे, असे त्याला वाटले आहे. ज्या टिपेकडे त्याने बोट दाखवले, तिचे भाषांतर संक्षिप्त करू नये, शब्दशः पूर्ण द्यावे.

गेल्या वर्षीच्या टिपेशी तुलना करण्याचेही मोल मोठे आहे. मागच्या वर्षी हमी ४ कोटींची होती आणि यंदा ९ झाली असेल, तर ती वाढ कोणत्याही एका वर्षाच्या आकड्यापेक्षा जास्त सांगते. एखादी ओळ गायब झाली असेल, तर ती का गेली हे विचारावे. खटला जिंकला, पैसे भरले, की व्यवस्थापनाने शक्यता ‘नगण्य’ ठरवून ओळ काढून टाकली, या तिन्हींचा अर्थ निराळा आणि कागदही निराळे. पहिल्यासाठी आदेशाची प्रत मागावी, दुसऱ्यासाठी चलन. तिसऱ्यासाठी वकिलाचे लेखी मत मागावे आणि ते कोणत्या तारखेचे आहे ते पाहावे.

टिपेच्या पलीकडेही काही उरते. व्यवस्थापनाने जे सांगितले आणि लेखापरीक्षकाला जे सापडले, तेवढेच टिपेत येते. मालकाने एखाद्या पतसंस्थेकडे भावाच्या कर्जासाठी केलेली सही कंपनीच्या हिशेबात असत नाही. साधी हमी दिली आणि मालमत्ता तारण ठेवली नाही, तर ती कंपनी निबंधकाकडच्या बोजांच्या नोंदीतही सापडत नाही. अशा वेळी पतमाहिती कंपनीचा अहवाल उपयोगी पडतो, कारण त्यात कर्जदाराबरोबर जामीनदार म्हणूनही नाव दिसू शकते. इचलकरंजीच्या आपल्या उदाहरणात मंजुरीच्या आधी मागायचे कागद असे निघतील: प्रोसेसिंग युनिटचा स्वतःचा ताळेबंद, हमी घेतलेल्या बँकेचे आजच्या बाकीचे आणि मंजूर मर्यादेचे पत्र, जीएसटीच्या आदेशाची पूर्ण प्रत, आणि निर्यातीची परवान्यावर नोंद झालेली आजवरची आकडेवारी. नव्या कर्जाच्या मंजुरीपत्रात एक अट घालावी, की बँकेच्या लेखी संमतीशिवाय कंपनीने आणखी कोणासाठीही हमी द्यायची नाही. ती अट मराठीत लिहिताना ‘कंपनीची हमी’ असे शब्द वापरू नयेत.